किलोला ४५, अधिक २०

अख्खी कोंबडी ओव्हनमध्ये भाजायच्या बहुतेक पाककृतींत शेवटी एक वाक्य येतं: १८० अंशांवर दीड तास भाजा. माझी तक्रार या वाक्याविरुद्ध आहे आणि ती मला एकदा सविस्तर मांडायची आहे. कोणती कोंबडी दीड तास? एक किलोची कोंबडी एवढ्या वेळात वाळून कोरडी ठक्क होते, तिच्या छातीचं मांस घशाखाली उतरत नाही. अडीच किलोची असेल तर तेवढ्याच वेळात मांडीच्या सांध्यापाशी कच्ची राहते. मसाल्यासाठी लसणाच्या पाकळ्यासुद्धा मोजून सांगणारी माणसं कोंबडीचं वजन मात्र सांगत नाहीत.

मिनिटं सांगायचीच असतील तर वजनाबरोबर सांगावीत. इंग्लंडात रविवारी दुपारी अख्खी कोंबडी भाजायची रीत आहे, आणि तिथल्या घरांतून, पुस्तकांतून आणि पाकिटांवरून एक हिशेब पिढ्यान् पिढ्या चालत आला आहे: ओव्हन १९० अंशांवर, दर किलोला ४५ मिनिटं, आणि वर आणखी २० मिनिटं. पूर्वी तोच हिशेब पौंडाला २० मिनिटं अधिक २० असा सांगत. हिशेब चांगला आहे, सोपा आहे. पण तो आपल्याकडे येता येता त्याची शेपटी गळून पडते. किलोला ४५ एवढंच लोक उतरवून घेतात आणि 'अधिक २०' सोडून देतात, जणू ती कुणीतरी हौसेने मागाहून जोडलेली सूचना होती. १.४ किलोच्या कोंबडीला नुसत्या ४५ने ६३ मिनिटं येतात. पूर्ण हिशेबाने ८३ येतात. मधल्या २० मिनिटांत कच्च्या मांडीची शिजलेली मांडी होत असते.

ती २० मिनिटं का आहेत, हे समजलं तर कुणी ती सोडणार नाही. उष्णता कोंबडीत बाहेरून आत जाते, आणि वेळ लागतो तो आतल्या सगळ्यात खोल जागेपर्यंत पोचायला. म्हणजे वेळ ठरवते ती जाडी, वजन नव्हे. दोन किलोची कोंबडी एक किलोच्या कोंबडीपेक्षा वजनाने दुप्पट असते, पण जाडीने दुप्पट नसते. ती लांबी, रुंदी आणि उंची अशी तिन्ही बाजूंनी वाढलेली असते, त्यामुळे जाडी जेमतेम सव्वापट होते. उष्णतेला आत पोचायला लागणारा वेळ जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे सव्वापट जाडीला साधारण १.६ पट वेळ. आता इंग्रजी हिशेब लावून पाहा. एक किलोला ४५ अधिक २०, म्हणजे ६५ मिनिटं. दोन किलोला ९० अधिक २०, म्हणजे ११०. ६५ची १.६ पट १०४ होते. इतकं जवळ! ज्या कुणी बायकांनी हा हिशेब बसवला त्यांनी वर्ग आणि घन केले नसतील, पण वजन वाढलं की मिनिटं त्याच वेगाने वाढत नाहीत हे त्यांनी चुलीपुढे उभं राहून ओळखलं होतं, आणि ते त्या स्थिर २० मिनिटांत बांधून ठेवलं होतं. ती २० मिनिटं कापणारा माणूस हिशेबातलं सगळं शहाणपणच कापून टाकतो.

याच अज्ञानातून दुसरा प्रकार घडतो आणि तो मला जास्त लागतो. पाहुणे जास्त असले की लोक एका ओव्हनमध्ये दोन कोंबड्या शेजारी शेजारी ठेवतात आणि वजनांची बेरीज करतात. १.४ आणि १.४ मिळून २.८ किलो, ४५ने गुणून १२६, अधिक २०, एकूण १४६ मिनिटं. जवळजवळ अडीच तास! दोन कोंबड्या शेजारी ठेवल्याने कोणतीही एक जाड होत नाही. प्रत्येकीला लागणारा वेळ आपापला, ८३च्या आसपास. ओव्हन लहान असेल आणि हवा फिरायला जागा कमी असेल तर दहा-पंधरा मिनिटं वर. अडीच तासांनी ताटात येतं ते खायचं मांस नसतं, चघळायचं असतं. आणि जेवणारे सभ्यपणे म्हणतात, कोंबडी छान झाली, ग्रेव्ही जरा जास्त वाढा.

बरं, वजन घ्यायचं म्हटलं तर कुठलं? आपल्याकडच्या कोपऱ्यावरच्या दुकानात जिवंत कोंबडी तराजूवर ठेवतात आणि पैसे त्या वजनाचे घेतात. यात गैर काही नाही, भाव तसाच लावलेला असतो. पण घरी येऊन ओव्हनचा हिशेब त्याच आकड्यावर केला की घोटाळा होतो. जिवंत दोन किलोची कोंबडी पिसं, डोकं, पाय आणि पोटातलं सगळं काढल्यावर कातडीसकट १.४ किलोच्या आसपास उरते. दोन किलो धरून हिशेब केला तर ११० मिनिटं येतात, म्हणजे २७ मिनिटं जास्त. साफ केलेली कोंबडी घरच्या काट्यावर ठेवून वजन घ्यायला अर्धं मिनिट लागतं. गोव्याच्या कॅथलिक घरांत नाताळात कोंबडीत बटाटा, कलेजी, चोरीस असं भरण भरून भाजतात; तिथे वजन भरल्यानंतर घ्यायचं, कारण पोकळी बुजली की गरम हवा आतून जात नाही आणि भरणाचा मधला भागही पूर्ण गरम व्हावा लागतो.

दुकानाचीच दुसरी अडचण कातडीची. भाजायच्या कोंबडीला कातडी हवीच. तिच्याखालची चरबी वितळून छातीवर उतरते, तीच वरून कुरकुरीत होते, आणि मांसाला उघड्या आचेपासून तीच आडोसा देते. पण आपल्याकडे कोंबडी रश्श्यात जाते, रश्श्यात कातडी बुळबुळीत लागते, म्हणून दुकानदार न विचारता सोलतो. कातडीसकट हवी तर आधी गरम पाण्यात बुडवून पिसं उपटावी लागतात, सोलायला त्या मानाने वेळ लागत नाही. मी आदल्या दिवशी सांगून ठेवते, सकाळी पुन्हा सांगते, आणि तरीही पिशवीत सोललेली कोंबडी येते. "ताई, साफ करून दिली ना," असं तो मनापासून सांगतो. त्याच्या दृष्टीने त्याने जास्तीचं काम केलेलं असतं, त्यामुळे भांडता येत नाही. सोललेली कोंबडी ओव्हनमध्ये उघडी भाजू नये, एवढंच मी सांगेन. ती झाकणाच्या जड पातेल्यात कांद्याबटाट्यावर ठेवून मंद शिजवावी.

कातडी मिळाली की ती कोरडी हवी. नळाखाली कोंबडी धुऊ नका, असं ब्रिटनच्या अन्न मानक संस्थेने २०१४ मध्ये लोकांना जाहीरपणे सांगितलं, कारण उडणाऱ्या थेंबांबरोबर जंतू ओट्यावर, भांड्यांवर आणि कोशिंबिरीच्या काकडीवर जातात. जंतू मारायचं काम ओव्हन करतो. आपल्याकडे हे कुणाला पटत नाही, धुतल्याशिवाय कोंबडी शिवायची कशी, असंच विचारतात. तर निदान धुतल्यानंतर आतून-बाहेरून टिपून कोरडी तरी करावी. ओली कातडी आधी वाफेत उकडते आणि पाणी उडाल्यावरच तांबूस व्हायला लागते. तोवर आतलं मांस पुढे गेलेलं असतं. सगळ्यात चांगलं म्हणजे आदल्या रात्री मीठ चोळून, फ्रीजच्या तळच्या कप्प्यात, खाली ताट ठेवून, न झाकता ठेवावी. १.४ किलोला १४-१५ ग्रॅम मीठ पुरतं, म्हणजे अडीच सपाट चमचे. मीठ रात्रीतून आत मुरतं आणि कातडी कागदासारखी कोरडी होते.

आता ओव्हनचं बटण. आपल्याकडे घरोघरी असतो तो ओटीजी, तीसेक लिटरचा, वर-खाली तापणाऱ्या दांड्यांचा. त्याच्या बटणावर १९० लिहिलेलं असतं म्हणून आत १९० असतात, असं मानायला काही आधार नाही. लहान ओव्हनमध्ये २० अंशांचा फरक सहज पडतो, आणि दार उघडलं की आतली उष्णता भसकन बाहेर येते. जाळीवर ठेवायचा ओव्हनचा थर्मामीटर मिळतो. तो एकदा ठेवून, अर्धा तास तापवून, बटणावरचा १९० म्हणजे आतले किती हे पाहून घ्यावं आणि ओव्हनवर चिठ्ठी लावून ठेवावी. परदेशी पाककृती असेल तर अंश कुठले तेही पाहावं. अमेरिकी पुस्तकातले ३५० हे फॅरनहाइट असतात, आपले १७७. आणि पंखा चालू असेल तर २० अंश कमी.

एक कोंबडी पूर्ण मांडून सांगते, म्हणजे मला काय म्हणायचं आहे ते स्पष्ट होईल. वजन कातडीसकट १.४ किलो. रात्रभर मीठ लावून ठेवलेली. छातीवरच्या कातडीखाली बोटं घालून लोणी, ठेचलेला लसूण, मिरपूड आणि लिंबाची साल सारलेली. मसाला कातडीवर थापू नये. दही-तिखटाचा लेप चाळीस मिनिटांतच काळपट लाल होतो आणि बघणाऱ्याला वाटतं, झाली. पाय घट्ट बांधू नयेत. फोटोत बांधलेली कोंबडी सुबक दिसते, पण मांडी अंगाला चिकटून बसली की तिथे उष्णता पोचत नाही, आणि मांडीलाच तर जास्त वेळ हवा असतो. ओव्हन १९० वर तापलेला, कोंबडी खालच्या जाळीवर, कारण ओटीजीत वरची दांडी छातीच्या अगदी जवळ येते. ट्रेमध्ये कांद्याच्या जाड चकत्या, म्हणजे पडणारी चरबी जळून धूर होत नाही. हिशेबाने ८३ मिनिटं. तासाभराने पहिल्यांदा दार उघडायचं. छाती पुरेशी तांबूस झाली असेल तर तिच्यावर फॉइलचा तुकडा नुसता टेकवायचा.

आणि आता मिनिटं विसरायची. हा सगळा हिशेब एवढंच सांगतो की पाहुण्यांना किती वाजता बोलवायचं आणि तपासायला कधी सुरुवात करायची. कोंबडी झाली की नाही हे घड्याळ सांगू शकत नाही, ते मांसात खुपसायचा थर्मामीटर सांगतो. तो काही शे रुपयांना मिळतो. ज्या घरात हजारोंचा ओव्हन आहे त्या घरात तो नसावा, याचं मला फार वाईट वाटतं. त्याची सुई मानेच्या बाजूने छातीच्या सगळ्यात जाड भागात, हाडाला न लागता घालायची. मग मांडी आणि अंग यांच्या मधल्या खाचेतून मांडीच्या जाड भागात. दोन-तीन ठिकाणी पाहून जो सगळ्यात कमी आकडा येईल तो खरा धरायचा. थर्मामीटर नीट आहे का ते उकळत्या पाण्यात कळतं: मुंबईत १००, पुण्यात उंचीमुळे ९८.

आकडा किती हवा? अमेरिकेच्या कृषी खात्याने २००६ मध्ये सगळ्या कोंबडीसाठी एकच किमान तापमान ठरवलं, १६५ फॅरनहाइट, म्हणजे ७४ अंश. त्याआधी अख्ख्या कोंबडीला ८२ अंश सांगत, आणि जुन्या पुस्तकांवरून उतरवलेल्या पाककृतींत ते ८२ अजून जिवंत आहेत. छातीचं मांस ८२ला नेलं की त्यातलं पाणी पिळून निघालेलं असतं. मांडीचं तसं नाही. तिच्यात चिवट धागे जास्त, ती ७८-८० पर्यंत गेली तर उलट मऊ लागते. छाती लवकर बाहेर काढावी आणि मांडी उशिरा, अशी ही ओढाताण आहे. पाय मोकळे सोडणं आणि छातीवर फॉइल टेकवणं, ही दोन्ही कामं तेवढ्यासाठीच.

थर्मामीटर नसलेले लोक मांडीत सुरी खुपसून रस पाहतात. रस स्वच्छ आला तर झाली, गुलाबी आला तर कच्ची, असं आयांनी सांगितलेलं असतं. ही खूण भरवशाची नाही, दोन्ही बाजूंनी फसवते. बाजारातली ब्रॉयलर कोंबडी दीड-दोन महिन्यांचीसुद्धा नसते, तिची हाडं कोवळी असतात आणि त्यांतला लाल मगज शिजतानाही बाहेर झिरपतो. मांडी ८० अंशांवर गेलेली असताना हाडाजवळ लालसर दिसू शकते. मग घरातलं कुणीतरी घाबरतं, कोंबडी पुन्हा आत जाते, आणि छातीचं वाटोळं होतं. उलट रस स्वच्छ दिसला तरी सांध्याचा आतला भाग मागे असू शकतो. रंगावर भांडण्यापेक्षा आकडा पाहावा.

वरच्या कोंबडीचं पुढे सांगते. छाती ७१-७२ आणि मांडी ७६च्या वर गेली की बाहेर काढायची. ७४ म्हटलं होतं आणि ७१ला काढायची, कारण बाहेर काढल्यावरही ती शिजत असते. कातडीजवळचं मांस ओव्हनच्या आचेने खूप तापलेलं असतं, ती उष्णता आत सरकत राहते आणि मधलं तापमान आणखी तीन ते पाच अंश चढतं. सुई तशीच ठेवून पाटावर पाहायचं. ७४ला पोचली की झाली. दहा मिनिटांत पोचली नाही तर पाच मिनिटं पुन्हा ओव्हनमध्ये, यात लाजण्यासारखं काही नाही. पण ७४ दिसल्यावरच बाहेर काढणारा माणूस प्रत्यक्षात ७८ची छाती वाढतो, आणि मग म्हणतो की मी तर अगदी नेमकी काढली होती.

आता माझी सगळ्यात मोठी तक्रार, आणि ती घरातल्याच माणसांविरुद्ध आहे. कोंबडी पाटावर आली की तिला १५ ते २० मिनिटं कुणी हात लावू नये. एवढंच मागणं आहे. दोन तास ओव्हनच्या काचेतून पाहत बसलेली माणसं ही शेवटची २० मिनिटं काढू शकत नाहीत. "वहिनी, गार होतंय," असं म्हणत दीर खुर्ची पुढे ओढतात. एका बाजूने कुणी पंख मोडून घेतं, कुणी तंगडी फिरवून पाहतं. मी पाट उचलून ओट्यावर ठेवते, तर तिथे कुणीतरी सुरी शोधत उभंच असतं.

गार होत नाही, हे मी शांतपणे सांगत आले आहे. १.४ किलोची अख्खी कोंबडी २० मिनिटांनंतरही आतून तोंड भाजेल इतकी गरम असते, आणि आपल्याकडे एप्रिल-मेच्या स्वयंपाकघरात तर ती निवायचं नावच घेत नाही. नुकतीच भाजलेली कोंबडी कापली की मांसातला पातळ रस पाटावर वाहून जातो. थांबलं की बाहेरचं आणि आतलं तापमान जवळ येतं, रसात विरघळलेलं जिलेटिन त्याला जरा दाट करतं, आणि कापताना तो मांसातच जास्त राहतो. आधी सांगितलेली शेवटची तीन-चार अंशांची चढणही याच वेळात होते. म्हणजे लगेच कापणारा माणूस कोंबडीचं शिजणंच अर्ध्यावर तोडतो. मात्र ओव्हनमध्ये जास्त राहून वाळलेल्या कोंबडीला ही विश्रांती काही परत देत नाही; गेलेलं पाणी गेलं.

फॉइलमध्ये गुंडाळून ठेवणं हा आणखी एक प्रेमळ अत्याचार. गरम राहावी म्हणून चारी बाजूंनी बंद करतात, आत वाफ कोंडते, आणि रात्रभर कोरडी करून कमावलेली कातडी दहा मिनिटांत लिबलिबीत होते. उघडी ठेवावी. फार वारा असेल तर एक फॉइल नुसती वर टाकावी, कडा मोकळ्या. पाटावर ठेवण्याआधी कोंबडी तिरकी करून पोकळीतला रस ट्रेमध्ये ओतून घ्यावा. ट्रेमधले कांदे, ती चरबी आणि हा रस यांची थोडं पाणी घालून ग्रेव्ही करायला नेमकी १५ मिनिटं लागतात. म्हणजे हा वेळ कुणाचा वाया जात नाही, जेवणाऱ्यांना फक्त बसून राहायचं असतं.

आणि कापायची म्हणजे कोयत्याने हाडासकट खांडोळी करायची नाही. तसे तुकडे रश्श्यासाठी. मांडी आणि छाती यांच्या मधल्या कातडीवर सुरी फिरवून तंगडी बाहेरच्या बाजूला वाकवावी, सांधा आपोआप निसटून वर येतो, मग सांध्यातून सुरी घालावी. हाड कापावं लागत असेल तर सुरी चुकीच्या जागी आहे. तंगडी आणि मांडी वेगळी करायला आतल्या बाजूने चरबीची एक पांढरी रेघ दिसते, सांधा तिच्याच खाली असतो. छातीच्या मधल्या हाडाला धरून सुरी खाली नेत एकेक बाजू अख्खी सोडवावी, आणि मग धाग्यांच्या आडवे तुकडे करावेत, प्रत्येकावर कातडीचा काठ राहील असे. शेवटी सांगाडा पालथा करावा. पाठीच्या दोन्ही बाजूंना, मांडीच्या खोबणीजवळ, सुपारीपेक्षा मोठे दोन गोळे असतात, सगळ्या कोंबडीत मऊ. घाईने मोडलेल्या कोंबडीत ते सांगाड्याबरोबर कचऱ्यात जातात. आमच्या घरी ते कापणाऱ्याचे असतात, आणि कापते मी.